बंद केलेल्या पंपाबद्दल व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सदस्य, व्यवस्थापन समिती
आणि आपल्या इमारतीतले सर्व सदनिकाधारक

विषय : गरम पाण्याच्या रिटर्न लाइनवरचा पंप कायमचा बंद करण्याचा निर्णय

स. न.

गच्चीवरच्या गरम पाण्याच्या टाकीजवळचा रिसर्क्युलेशन पंप बंद केल्याची सूचना समितीने लावली. कारणं दोनच दिली आहेत. पंप रात्रंदिवस चालतो, त्यामुळे वीज वाया जाते. आणि खालच्या मजल्यांना तरीही गरम पाणी लवकर मिळत नाही, म्हणजे त्याचा उपयोग नाही. समितीला दिलेल्या अर्जाला उत्तर आलं नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि इमारतींच्या पाणीवाहिन्यांची आखणी हाच माझा व्यवसाय आहे. या निर्णयाचा फटका मला माझ्या न्हाणीघरात बसतो आणि त्यामागची चूक मला व्यवसायामुळे दिसते. दोन्ही कारणांनी मी गप्प बसू शकत नाही.

आधी हा पंप काय करतो ते सांगते. गरम पाण्याची टाकी आणि ते पाणी तापवणारा हीट पंप गच्चीवर आहेत. तिथून गच्चीभर एक आडवी लाइन फिरते आणि तिच्यातून चार उभ्या लाइन शाफ्टमधून खाली येतात. कोणी नळ उघडत नसेल तेव्हा या लाइनमधलं पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि भिंतींना, हवेला उष्णता देत निवत जातं. ते पुन्हा टाकीकडे नेऊन त्याच्या जागी ताजं गरम पाणी आणणारी वेगळी बारीक लाइन म्हणजे रिटर्न लाइन, आणि त्या लाइनीत पाणी संथपणे फिरतं ठेवणारा तो छोटा पंप. पाणी फिरत असलं की उभ्या लाइनीत दाराशीच गरम पाणी असतं. नळ सोडल्यावर फक्त शाफ्टपासून नळापर्यंतच्या शाखेतलं गार पाणी काढावं लागतं. आपल्याकडे ही शाखा सुमारे १० मीटरची आहे, म्हणजे जेमतेम २ लिटर पाणी.

पंप बंद झाल्यावर काय झालं ते माझ्याच नळावर मांडते, कारण हा हिशेब कोणालाही तपासता येईल. टाकीपासून आमच्या उभ्या लाइनपर्यंत ४० मिलिमीटर आतल्या व्यासाची सुमारे २० मीटर लाइन आहे. तिच्या प्रत्येक मीटरमध्ये सव्वा लिटर पाणी मावतं, म्हणजे २५ लिटर. तिथून दहाव्या मजल्यापर्यंत ३२ मिलिमीटरची ३० मीटर लाइन आहे, तिच्यात २४ लिटर. दहाव्यापासून चौथ्यापर्यंत २५ मिलिमीटरची १८ मीटर, तिच्यात सुमारे ९ लिटर. वर शाखेतले २. एकूण ६० लिटर. सगळी लाइन निवलेली असताना पहाटे पहिला नळ मी सोडला, तर हे साठही लिटर माझ्या नळातून जायला हवेत. प्रत्यक्षात मोजलं तेव्हा पासष्टच्या आसपास भरलं, कारण गार झालेली लाइनही येणाऱ्या पाण्यातली उष्णता शोषून घेते. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ही आठ मिनिटांची वाट आहे. पंप चालू होता तेव्हा याच नळातून साधारण १२ लिटर काढावे लागत, कारण दहाव्याच्या खालचं पाणी तेव्हाही फिरत नव्हतं; ते का, हे पुढे सांगते. समितीने "उपयोग नाही" म्हणून जो पंप बंद केला, तो एकट्या चौथ्या मजल्यावर एका खेपेला पन्नासेक लिटर पाणी वाचवत होता.

हे साठ लिटर प्रत्येकाला काढावे लागत नाहीत, हेही सांगायला हवं. एकाने लाइन गरम केली की त्याच लाइनवरच्या पुढच्याला फायदा मिळतो. म्हणूनच हा भार सारखा वाटला जात नाही. जो सर्वांत आधी उठतो, जो भलत्या वेळी कामावरून परततो आणि जो खाली राहतो, त्याच्या वाट्याला हे पाणी येतं. देखभाल शुल्क मात्र सगळे सारखंच भरतात.

पूर्ण इमारतीचा हिशेब असा. आडव्या लाइनीत सुमारे ५० लिटर आणि चार उभ्या लाइनींत प्रत्येकी ३९ लिटर पाणी मावतं, म्हणजे एकूण दोनशेच्या थोडं वर. आवरण धड असलेल्या लाइनीतलं ६० अंशांचं पाणी अंघोळीला निरुपयोगी होईपर्यंत अडीच-तीन तास जातात. म्हणजे दिवसातून तीनदा तरी ही लाइन निवते: रात्रीतून, दुपारी आणि संध्याकाळच्या आधी. लाइनीने शोषलेल्या उष्णतेचा वाटा धरला तर दिवसाला सुमारे ६७० लिटर आणि वर्षाला सुमारे अडीच लाख लिटर पाणी केवळ गार आहे म्हणून मोरीत जाऊ शकतं. कोणी ते बाजूला भरून वापरत असेल तर तेवढं कमी धरा. पण शॉवरखाली बादली ठेवणारी घरं थोडी असतात, आणि जिथे लाइनीचं आवरण निघालं आहे तिथलं पाणी तासाभराच्या आतच निवतं, हे उलट बाजूने धरायला हवं.

आता समितीच्या दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे खालच्या मजल्यांकडे वळते. या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. आपल्यासारखी उंच इमारत ज्यांची असेल त्यांनीही तो वाचावा, कारण ही चूक मी कामानिमित्त इतरत्रही पाहिली आहे.

खालच्या मजल्यांची तक्रार खरी आहे. पंप चालू असतानाही दहाव्याच्या खाली पाणी उशिरा गरम होत असे. पण दोष पंपाचा नाही. दहाव्या मजल्यावर शाफ्टमध्ये प्रत्येक उभ्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवलेला आहे. तो का बसवला हे उघड आहे. १० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार दाब देतं. टाकीपासून तळमजला ६० मीटर खाली, म्हणजे तिथे ६ बार. एवढ्या दाबाने नळ आणि गीझरच्या जोडण्या लवकर खराब होऊ शकतात. म्हणून दहाव्या मजल्यावर ३ बारचा दाब उतरवून १ बार केला. त्यामुळे तळाशी ६ ऐवजी ४ बार मिळतात. नळांच्या दृष्टीने ठीक.

पण रिटर्नच्या दृष्टीने तिथेच सगळं अडलं. फिरत्या लाइनीत पंपाला पाणी उचलावं लागत नाही. एका बाजूने खाली येणारं पाणी आणि दुसऱ्या बाजूने वर जाणारं पाणी एकमेकांना तोलून धरतात. कप्पीच्या दोन्ही टोकांना सारख्या भरलेल्या बादल्या टांगल्या तर त्या बोटाने हलवता येतात, तसं. त्यामुळे इमारत २० मजली असो की ४०, पंपाला फक्त लाइनीतल्या घर्षणापुरती ताकद लागते; आपल्या इमारतीत ती ३-४ मीटरच्या उंचीएवढी आहे. पीआरव्हीने हा तोलच बिघडवला. खाली येणाऱ्या बाजूने २ बार काढून घेतले आणि रिटर्नला मात्र तळापासून गच्चीपर्यंत पूर्ण ६० मीटर चढायचं आहे. तळाशी दाब ४ बारचा, समोर स्तंभ ६ बारचा. हे २० मीटरचं अंतर ३-४ मीटर ताकदीचा पंप कधीच ओलांडू शकत नाही. दहाव्याखालच्या वेढ्यात, म्हणजे तळापर्यंत जाऊन रिटर्नने परत येणाऱ्या लाइनीत, पाणी फिरलंच नाही. पहिल्या दिवसापासून नाही.

वरचा वेढा मात्र दहाव्याच्या वरून, पीआरव्हीच्या आधीच परत फिरतो, म्हणून तो नीट चालत होता. हे मी पंप बंद होण्याआधी, रखवालदारांना सांगून, रिटर्नच्या लाइनींवर चिमट्याचे तापमापक लावून पाहिलं. वरच्या रिटर्नवर ५४ अंश, खालच्या चारही रिटर्नवर २८, म्हणजे शाफ्टमधल्या हवेइतकंच. फिरणाऱ्या पाण्याची लाइन कधी २८ अंशांवर राहत नाही. एखाद्याला माझ्या मोजमापावर भरवसा नसेल, तर पंप चालू करून अर्ध्या तासाने दोन्ही रिटर्नना नुसता हात लावावा. एक कोमटाहून बरीच गरम लागेल, दुसरी गार. पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंना दाबमापक लावला तर कारणही दिसेल.

सभेत एका सदस्यांनी मोठा पंप बसवण्याचं सुचवल्याचं कळलं. कृपया तसं करू नका. २० मीटर ताकदीचा पंप खालचा वेढा कदाचित ढकलेल, पण वरच्या वेढ्यात पाणी इतक्या वेगाने पळेल की कोपरे आतून झिजतील, नळ आवाज करतील आणि वीज खरोखरच वाया जाईल. आपल्या संपूर्ण इमारतीला किती प्रवाह हवा आहे ते पाहा. पुरवठा आणि रिटर्न मिळून ५६० मीटर लाइन आहे. आवरण चांगलं असेल तर मीटरला सुमारे ९ वॅट उष्णता सुटते, म्हणजे एकूण ५ किलोवॅट. टाकीतून ६० अंशांनी निघालेलं पाणी ५५ अंशांनी परत यावं असं ठरवलं, तर त्यासाठी मिनिटाला जेमतेम १४-१५ लिटर फिरावं लागतं. दोन शॉवर सोडल्यावर जेवढं पाणी जातं त्याहूनही कमी. म्हणूनच इथे ६० वॅटचा पंप पुरतो.

विजेबद्दलही समितीने एक गोष्ट नजरेआड केली आणि ती माझ्या बाजूला न झुकणारी आहे, म्हणून मीच मांडते. पंपाची वीज दिवसाला दीड युनिटसुद्धा नाही. खरा खर्च लाइनीतून सुटणाऱ्या उष्णतेचा आहे. रात्रीचे पाच तास पंप बंद धरून ५ किलोवॅट उष्णता दिवसातले बाकीचे १९ तास सुटत राहिली तर ती ९५ युनिटांएवढी होते. आपला हीट पंप एका युनिट विजेतून साधारण तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे प्रत्यक्ष वीज ३२ युनिट. पंप बंद ठेवल्यावरही हा खर्च शून्य होत नाही, कारण दिवसातून तीनदा निवणारं ते सहाशे लिटर पाणी आधी गरम केलेलंच असतं. त्यात ८ युनिट जातात. उरलेला फरक दिवसाला सुमारे २४ युनिट, म्हणजे ८० सदनिकांत प्रत्येकी ०.३ युनिट. पाणी वाचवण्याची ही किंमत आहे आणि ती आहे हे मी लपवत नाही. ती द्यायची की नाही हे रहिवाशांनी ठरवावं, पण हे आकडे समोर ठेवून ठरवावं.

ही किंमत कमी करण्याची जागा पंप नसून आवरण आहे. उघड्या लाइनीतून मीटरला ९ ऐवजी ३५-४० वॅट सुटतात. गच्चीवरच्या लाइनीचं फोमचं आवरण उन्हाने भुगा होऊन गळालं आहे आणि शाफ्टमध्ये कोपरे, व्हॉल्व्ह आणि जोड सुरुवातीपासूनच उघडे आहेत. अशी उघडी लाइन सगळी मिळून १०० मीटर धरली, तर तिच्यातून सुटणारी उष्णता आवरण असलेल्या चारशे मीटर लाइनीएवढी होते. दोन वेळा लेखी कळवूनही हे काम झालेलं नाही.

आणखी एक तक्रार आरोग्याची आहे. पाणी उभं राहून २० ते ४५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास राहिलं की त्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात, आणि शॉवरच्या तुषारांतून ते श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून टाकीत ६० अंश आणि परतणाऱ्या पाण्यात किमान ५० अंश ठेवण्याची पद्धत आहे. सध्या आपली पूर्ण लाइन दररोज कित्येक तास नेमक्या त्याच कोमट पट्ट्यात उभी असते. समितीच्या सूचनेत याचा उल्लेखसुद्धा नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. पंप लगेच सुरू करावा. त्याआधी रिटर्नवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून साफ करावा. तो अडकला असेल तर नळ सोडल्यावर रिटर्नमधून उलट दिशेने टाकीच्या तळाचं गार पाणी घरात येतं, आणि मग दोष पुन्हा पंपालाच दिला जाईल. लाइनीच्या माथ्यावरचे हवा सोडणारे व्हॉल्व्हही तपासावेत. बंद पडलेल्या काळात तिथे हवा साठली असण्याची शक्यता आहे.

२. पंपाला टायमर आणि रिटर्नवर तापमानाचा सेन्सर बसवावा. रात्री १२ ते पहाटे ५ पंप बंद ठेवायला माझी हरकत नाही. बाकी वेळी रिटर्न ५५ अंशांवर पोचली की पंप थांबावा आणि ५० अंशांवर उतरली की सुरू व्हावा. इमारतीत आजारी किंवा फार वयस्कर माणसं आहेत असं डॉक्टरांच्या सल्ल्याने वाटलं, तर रात्रीचा खंडही काढून टाकावा.

३. उघड्या लाइनीला, कोपरे आणि व्हॉल्व्हसकट, नवं आवरण घालावं. गच्चीवरच्या आवरणावर ऊन न लागेल असा पत्रा किंवा पट्टी असावी, नाहीतर तेही दोन-तीन उन्हाळ्यांत गळेल.

४. दहाव्या मजल्यावरचे गरम लाइनीचे चार पीआरव्ही काढून, त्याऐवजी खालच्या दहा मजल्यांवर प्रत्येक सदनिकेच्या शाखेवर लहान पीआरव्ही बसवावेत. एकूण ४० लागतील. प्रत्येकाचा दाब त्या मजल्यावरच्या थंड पाण्याच्या दाबाइतका लावावा. गरम पाण्याचा दाब जास्त राहिला तर मिक्सरमधून गरम पाणी थंड लाइनीत शिरू लागेल. तोल पुन्हा जुळला की आहे तोच पंप तळापर्यंतचं पाणी फिरवेल. हे करण्याआधी उभी लाइन आणि तिचे जोड ६० अंशांच्या पाण्यात ६ बार दाब सहन करतील का, हे सल्लागाराकडून लेखी तपासून घ्यावं. ते सहन होणार नसेल, तर खालच्या दहा मजल्यांसाठी दहाव्या मजल्यावर वेगळी लहान गरम टाकी आणि तिचा स्वतंत्र छोटा वेढा हा दुसरा मार्ग आहे. तो महाग पडेल, पण चालेल.

५. त्यानंतर चारही रिटर्नवर प्रवाह जुळवणारे व्हॉल्व्ह बसवावेत. नाहीतर पाणी सोप्या वाटेने, टाकीजवळच्या लाइनीतून फिरत राहील आणि दूरची लाइन गार राहील. चारही रिटर्न २-३ अंशांच्या फरकात आल्या की काम नीट झालं असं समजावं. ही तापमानं दर महिन्याला नोंदवून सूचना फलकावर लावावीत.

पहिल्या मागणीला पैसे लागत नाहीत आणि तिला सभेची वाट पाहण्याची गरज नाही. ती याच आठवड्यात व्हावी. दुसरी आणि तिसरी देखभालीच्या नेहमीच्या खर्चात बसायला हवीत. चौथी आणि पाचवी खर्चिक आहेत, म्हणून त्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्याव्यात, आणि त्या सभेत खालच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना बोलायला वेळ द्यावा. माझी मोजमापं, लाइनीचा आराखडा आणि वरचा हिशेब मी सचिवांच्या कार्यालयात ठेवत आहे. सल्लागार किंवा कोणीही रहिवासी तपासायला येणार असतील, तर शाफ्टमध्ये त्यांच्यासोबत उतरायला मी तयार आहे.

कळावे,
चौथ्या मजल्यावरची एक सदनिकाधारक